निळ्या टोपीचा खेळ

पटकथेत तीन छोटी वाक्यं असतात. ‘एसटी रिकामी होते. बाबा उतरलेले नाहीत. चिमीचा चेहरा पडतो.’ मोठ्या नटाच्या हातात हा कागद दिला की तो आपल्या परीनं तयारीला लागतो. चिमीची भूमिका करणारी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला या तिसऱ्या वाक्याचा काडीचाही उपयोग नाही. ‘चेहरा पाड’ म्हटलं तर ती खालचा ओठ बाहेर काढेल, मान खाली घालेल आणि जमलं का ते बघायला हळूच दिग्दर्शकाकडे डोळे वळवेल. ‘तुला खूप वाईट वाटतंय’ म्हटलं तरी तेच होईल, कारण वाईट वाटणं ही काही सांगितल्यावर करता येण्यासारखी गोष्ट नाही. मुलांना करता येतं ते काम. शोधणं, मोजणं, लपणं, एखादी वस्तू सांभाळून नेणं. सहा वर्षांचं मूल ही कामं इतक्या मनापासून करतं, की त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कुठल्याही अभिनयवर्गात शिकवता येणार नाही. म्हणून मुलांसोबत काम करणाऱ्या दिग्दर्शकाची पहिली मेहनत कॅमेऱ्यामागे बसून होत नाही. पटकथेतल्या भावनेच्या प्रत्येक वाक्याचं एकेका कामात रूपांतर करण्यात ती खर्ची पडते.

आपल्याकडे याचं सर्वांत जुनं आणि सर्वांत स्वच्छ उदाहरण ‘पथेर पांचाली’चं आहे. सत्यजित राय यांनी १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये चित्रीकरणाला सुरुवात केली ती काशफुलांच्या रानात. छोट्या अपूनं उंच पांढऱ्या तुऱ्यांमधून आपल्या बहिणीला शोधत चालायचं, एवढाच शॉट. अपूचं काम करणारा सुबीर बॅनर्जी राय यांच्या पत्नी बिजोया यांना शेजारीच खेळताना दिसला होता, आणि त्यानं कधी अभिनय केलेला नव्हता. त्याला चालायला सांगितलं की तो सरळ, एका लयीत चालत जायचा. शोधणारं मूल असं चालत नाही. ते अडखळतं, थांबतं, इकडेतिकडे बघतं, पुन्हा निघतं. राय यांनी हे त्याला समजावून सांगण्याचा नाद सोडला. त्याच्या वाटेवर त्यांनी थोड्या थोड्या अंतरावर काटक्या ठेवल्या, त्या ओलांडून जायचं. आणि गवतात तीन बाजूंना आपले सहकारी लपवले, त्यांनी ठरलेल्या वेळी एकामागून एक हाका मारायच्या. हाक आली की तिकडे बघायचं, पण चालणं सोडायचं नाही. आता मुलाला अभिनय करायचाच नव्हता. पायाला काटक्या आणि कानाला हाका होत्या. पडद्यावर मात्र दिसतो तो बहिणीला शोधणारा भाऊ. राय यांनी या प्रसंगाबद्दल स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि मुलांचं दिग्दर्शन शिकायचं असेल तर एवढा एक परिच्छेद पुरेसा आहे असं मला वाटतं.

पंचवीसेक वर्षांनी स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मध्ये (१९७७) हीच रीत आणखी लहान मुलावर वापरली. कॅरी गफी तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. रात्री स्वयंपाकघरात येऊन त्यानं परग्रहावरून आलेले पाहुणे पाहायचे, आधी दचकायचं आणि मग हसायचं. परग्रहवासी तर सेटवर नव्हतेच. स्पीलबर्ग यांनी आडोशामागे एकाला विदूषकाच्या आणि दुसऱ्याला गोरिलाच्या वेषात उभं केलं. मूल आलं, समोरचा पडदा बाजूला झाला, विदूषक दिसला आणि ते थबकलं. मग दुसऱ्या बाजूला गोरिला दिसला, तेव्हा घाबरून एक पाऊल मागे गेलं. लगेच गोरिलानं डोक्यावरचा मुखवटा उतरवला. आत रोज भेटणारा मेकअपवाला होता. मुलाच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं ते आजही पाहणाऱ्याला गोंधळात टाकतं, कारण इतक्या लहान मुलानं हे ‘केलं’ कसं, हे कळत नाही. सेटवर कॅरीला ‘वन-टेक कॅरी’ म्हणत. त्या नावाचा टी-शर्टही त्याच्यासाठी छापून घेतला होता.

आपण चिमीच्या एसटी स्टँडवर परत येऊ आणि हा शॉट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा घेता येईल ते बघू. चित्रीकरणाच्या आधी दोन-तीन दिवस मुलगी टीमसोबत नुसती खेळलेली असते, आणि त्यात तिची एका स्पॉटदादाशी गट्टी जमलेली असते. त्या दादाला निळी टोपी घालायची. मुलीला खेळ सांगायचा तो असा: बसमधून लोक उतरतील, त्यात निळ्या टोपीवाला दादा कधी असेल, कधी नसेल, तू इथेच उभी राहून त्याला शोधायचंस, सगळे उतरले आणि दादा दिसला नाही तर कंडक्टरकाकांकडे बघायचंस. एवढंच. बाबांचं नाव काढायचं नाही, वाईट वाटण्याचं तर मुळीच नाही. पहिल्या खेपेला दादा तिसरा उतरतो, ती टाळी वाजवते. दुसऱ्या खेपेला तो आठवा उतरतो. या दोन खेपांचं चित्रीकरण वाया जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कॅमेरा चालू ठेवायचा. तिसऱ्या खेपेला दादा उतरतच नाही. ती दाराकडे बघत राहते, खिडक्यांमधून आत बघते, एका माणसामागे दुसरं कोणी आहे का म्हणून मान तिरकी करते, आणि मग कंडक्टरकडे बघते. त्या बघण्यात एक प्रश्न असतो. हे सहा-आठ सेकंद म्हणजेच पटकथेतलं तिसरं वाक्य. ते मिळालं, की दादानं ताबडतोब बसच्या मागून उडी मारून बाहेर यायचं, म्हणजे खेळ तिच्या हसण्यावर संपतो.

यात बारीकसारीक गोष्टींची काळजी घ्यावी लागते. कॅमेरा लांब ठेवायचा, वीस-पंचवीस फुटांवर, आणि लांबच्या लेन्सनं जवळचा चेहरा टिपायचा. नाकासमोर काळी भिंग आणि तिच्यामागे चार माणसं असली तर मूल बसकडे बघणारच नाही. क्लॅप आधी द्यायचा नाही. फळीचा तो ‘खाट’ आवाज मोठ्यांना सावध करतो आणि मुलांना आखडून टाकतो. शॉट संपल्यावर पाटी उलटी धरून शेवटी क्लॅप दिला तरी संकलकाला आवाज जुळवता येतो. ‘अॅक्शन’ हा शब्दही टाळायचा, बस थांबली की खेळ सुरू. संवाद नसल्यामुळे दिग्दर्शकाला शॉट चालू असतानाच हळू आवाजात सूचना देता येतात, आणि एसटीचा आवाज नंतर भरता येतो. यानंतरचा शॉट असा, की चिमी मावशीकडे परत चालत येते. इथेही ‘हळू चाल, जड पावलांनी चाल’ असं सांगण्यात अर्थ नाही. तिच्या हातात कापडी पिशवी द्यायची, आत खरी अंडी ठेवायची, तिला ती दाखवायची आणि सांगायचं की एकही फुटता कामा नये. ती दोन्ही हातांनी पिशवी धरून, नजर खाली ठेवून, एकेक पाऊल जपून टाकत येईल. पाहणाऱ्याला त्यात निराशा दिसेल. हीच राय यांची काटकी.

खेळात एक अट मात्र पाळायची असते. तो खेळ आहे हे मुलाला माहीत असलं पाहिजे. ती अट सोडली तर काय होतं याची नोंद हॉलिवूडच्या इतिहासात आहे. १९३१ मध्ये ‘स्किपी’ नावाचा चित्रपट आला, नॉर्मन टॉरॉग यांचा. मुख्य भूमिकेतला जॅकी कूपर तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता, आणि टॉरॉग हे त्याच्या मावशीचे यजमान. एका प्रसंगात मुलानं रडायचं होतं आणि त्याला रडू येईना. टॉरॉग यांनी त्याचा कुत्रा गोळी घालून मारण्याची धमकी दिली. कुत्र्याला सेटच्या मागे नेलं आणि तिथून बंदुकीचा आवाज आला. मूल हंबरडा फोडून रडलं, शॉट मिळाला. कुत्रा जिवंत होता, तो परत आणून दाखवल्यावरही मुलाचं रडणं थांबत नव्हतं. या चित्रपटासाठी टॉरॉग यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचं ऑस्कर मिळालं, मुलाला नामांकन मिळालं. कूपर पुढे स्वतः दिग्दर्शक झाला आणि त्यानं १९८१ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. पुस्तकाचं नाव होतं ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’. पन्नास वर्षं झाली होती.

स्पीलबर्ग यांचा गोरिलाही क्षणभर मुलाला घाबरवतोच, मग फरक काय, असं कोणी विचारेल. भीती तिथल्या तिथे, मुलाच्या डोळ्यांदेखत विरते आणि ओळखीचा चेहरा समोर येतो, हा एक फरक. दुसरा अधिक महत्त्वाचा: मुलाला जे प्रिय आहे त्याला हात लावलेला नाही. तरीही हा खेळ मला निळ्या टोपीइतका निर्धोक वाटत नाही. अनोळखी घरात आलेलं, भित्र्या स्वभावाचं मूल असतं तर तो शॉट तर गेलाच असता, पण पुढचे चार दिवस ते सेटवर यायलाही तयार झालं नसतं.

रडण्याचा प्रसंग करायचाच असेल तर तो करता येतो, तोही मुलाला न रडवता. मुलाला शॉटच्या आधी मैदानाला दोन फेऱ्या पळायला लावायच्या. धाप लागलेल्या मुलाची छाती वर-खाली होते, नाकपुड्या फुलतात, वाक्य तुटक येतं, आणि पाहणाऱ्याला ते हुंदके वाटतात. डोळ्यांत पाणी हवं असेल तर गालावर ग्लिसरीनचा थेंब पुरतो, मात्र डोळ्यांत काही घालायचं नाही. बाकीचं काम पाठमोऱ्या शॉटचं आणि मोठ्या नटाचं. मावशी चिमीच्या केसांवरून हात फिरवते आणि आपल्याला मुलीची फक्त पाठ दिसते. रडतंय कोण हे प्रेक्षक आपोआप ठरवतो.

आता टेकबद्दल. मोठ्या नटाचा सातवा-आठवा टेक पहिल्यापेक्षा चांगला असू शकतो. लहान मुलाचा बहुतेकदा पहिला किंवा दुसराच चांगला असतो, आणि चौथ्यानंतर उतार लागतो. कारण साधं आहे. एकदा दादा सापडला की शोधण्यातली गंमत कमी होते, आणि पाचव्या वेळी मूल शोधत नसतं, मघाशी काय केलं होतं ते आठवून पुन्हा करून दाखवत असतं. म्हणून अनुभवी मंडळी तालमीच्या वेळीच कॅमेरा चालू ठेवतात. ‘चला, एकदा नुसतं करून बघू’ म्हणतात, आणि तोच टेक पुढे चित्रपटात जातो. एक टेक संपला की कट म्हणून सगळं थांबवण्यापेक्षा कॅमेरा न थांबवता ‘अरे, परत एकदा, या वेळी त्या बाजूनं’ असं म्हणून लगोलग दुसरा घेतात. कट म्हटलं की केस सारखे करायला, घाम टिपायला, दिवा हलवायला माणसं धावतात, आणि पाच मिनिटांत मूल खेळातून बाहेर पडतं. दोन कॅमेरे परवडत असतील तर एकावर चेहरा आणि दुसऱ्यावर पूर्ण दृश्य एकाच वेळी घेता येतं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा करून घ्यावी लागत नाही.

शॉटही छोटे ठेवावे लागतात. दोन पानांचा संवाद मुलाकडून सलग पाठ म्हणवून घेतला तर तो पाठ म्हटल्यासारखाच येतो. एका शॉटमध्ये एक काम आणि फार तर एक-दोन वाक्यं, हे प्रमाण सहा-सात वर्षांच्या मुलाला झेपतं. तोटा असा, की मूल प्रत्येक टेकला हात वेगळा हलवतं, घास वेगळ्या शब्दावर घेतं, आणि तुकडे जोडताना संकलकाची पंचाईत होते. त्यावर उपाय मुलाला दटावण्याचा नाही. अशा प्रसंगात त्याच्या हातात अर्धवट खाल्लेला वडापाव किंवा वितळणारी कुल्फी देऊच नये.

मूल थकलंय हे ते स्वतः क्वचितच सांगतं. उलट थकलेलं मूल जास्त दंगा करतं, आणि सेटवरच्या लोकांना ते ताजंतवानं वाटतं. ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. प्रत्येक टेकनंतर ते दिग्दर्शकाऐवजी आईकडे बघू लागतं. वाक्याचा सूर प्रत्येक वेळी हुबेहूब तोच येतो. मघाशी ज्यावर सगळे हसले होते ती लकब ते मुद्दाम वाढवून करतं. कान चोळतं, लेन्सकडे बघतं, सांगितलेलं अर्धंच ऐकतं. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या की वीस मिनिटं थांबायचं, आणि थांबूनही फरक पडला नाही तर त्या दिवसापुरतं त्या मुलाचं काम संपलं असं समजायचं. त्यानंतर घेतलेले टेक संकलनात वापरता येत नाहीत, हे नवख्या दिग्दर्शकाला टेबलावर बसल्यावर कळतं.

आपल्या मराठी मुलांबाबत एक खास अडचण येते. ऑडिशनला येणारी बरीच मुलं नाट्यछटा आणि वक्तृत्व स्पर्धांमधून तयार झालेली असतात. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, आणि प्रत्येक ओळीला ठरवून दिलेला हावभाव. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला ते योग्यच आहे, पण कॅमेऱ्यासमोर ते फार मोठं होतं. त्यात उद्याच्या प्रसंगाचा कागद घरी गेला, की आई किंवा बाबा रात्री बसून तो पाठ करून घेतात, हातवाऱ्यांसह. त्यांचा हेतू चांगलाच असतो. सकाळी आलेलं मूल मात्र चिमी नसतं, ते घरच्या तालमीचं सादरीकरण असतं, आणि ते पुसायला अर्धा दिवस जातो.

जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा यांनी यावर सरळ मार्ग काढला. ते मुलांना सहसा पटकथा देत नाहीत. प्रसंगाच्या वेळी जवळ बसून, ‘आता तू दादाला हे विचार’ असं तोंडी सांगतात, आणि मूल ते आपल्या शब्दांत बोलतं. ‘नोबडी नोज’ (२००४) हा आईनं टोकियोतल्या घरात सोडून दिलेल्या चार भावंडांचा चित्रपट त्यांनी असाच केला, सुमारे वर्षभर, ऋतूंच्या क्रमानं. मुलं घटनांच्या ओघात वाढत गेली, त्यांना शेवट आधीपासून वागवावा लागला नाही. थोरल्या भावाचं काम करणाऱ्या युया यागिराला चौदाव्या वर्षी कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ही पद्धत मुलाला लागू आहे, पालकांना नाही, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. पालकांना पूर्ण पटकथा आधी वाचायला मिळालीच पाहिजे, नाहीतर त्यांनी दिलेल्या संमतीला अर्थ राहत नाही. त्यांना फक्त एवढी विनंती करायची, की घरी तालीम घेऊ नका.

खेळ, छोटे टेक आणि मर्यादित वेळ या तिन्ही गोष्टी एकत्र जमवून केलेला चित्रपट मुंबईतच झाला. अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनले का डब्बा’ २०११ साली प्रदर्शित झाला. डबा न आणणारा एक मुलगा आणि मुलांच्या डब्यांवर डोळा ठेवणारे हिंदीचे मास्तर, अशी गोष्ट. गुप्ते यांनी अंधेरीच्या एका शाळेत दर शनिवारी मुलांची कार्यशाळा घेतली, चारेक तासांची, आणि तीच दीडेक वर्ष चालली. खेळ, गप्पा, गाणी, डबे उघडणं, आणि त्यातच चित्रीकरण. छायाचित्रणकार अमोल गोळे यांनी मोठा सिनेकॅमेरा आणला नाही. कॅनन ७डी या फोटो काढायच्या कॅमेऱ्यावर सगळं टिपलं. हातात मावणारा तो कॅमेरा वर्गात कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, कमी उजेडातही चालतो, त्यामुळे बाकांमध्ये मोठे दिवे लावावे लागत नाहीत. त्यावर सलग बारा मिनिटांच्या आसपासच चित्रण होतं, आणि मुलांच्या बाबतीत ही मर्यादा सोयीचीच ठरते. सोमवार ते शुक्रवार शाळा नेहमीसारखी, एकाही मुलाचा शाळेचा दिवस बुडाला नाही. मुख्य भूमिकेतल्या पार्थो गुप्तेला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आपण एका चित्रपटात काम करतोय हे तेव्हा मुलांना जाणवू दिलं नव्हतं, असं गुप्ते यांनी सांगितलं आहे. त्यातून मिळालेला मोकळेपणा पडद्यावर दिसतो. आज मी असं करू नये म्हणेन. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करू नये, असं आताचे नियम सांगतात, आणि काय चाललंय हे ठाऊक नसलेल्या मुलाला नाही म्हणण्याची संधीच मिळत नाही. ‘आपण सिनेमाचा खेळ खेळतोय, हा कॅमेरा, कंटाळा आला की मला सांग’ एवढं सांगितल्यानं मोकळेपणा जात नाही. पंधरा मिनिटांत मुलं कॅमेरा विसरतात.

हे नियम २०१७ चे आहेत, बालकामगार कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर आलेले. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावण्यावर बंदी घालताना कायद्यानं चित्रपट, मालिका, जाहिरातींतल्या बालकलाकारांना अटींवर सूट दिली. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. निर्मात्यानं चित्रीकरण ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची, त्यासोबत पालकांची संमती जोडायची. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा, शिक्षण खंडित होऊ द्यायचं नाही, आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचा, जो त्याला सज्ञान झाल्यावर मिळेल.

पाच तास ऐकायला भरपूर वाटतात. ते कागदावर मांडून बघावेत. चिमी सकाळी नऊला स्टँडवर आली आणि दोनला घरी जाणार, म्हणजे हातात ३०० मिनिटं. कपडे, केस, बस आतून बघणं, दादाशी भांडणं यात अर्धा तास जाईल आणि जायलाच हवा. जेवणाला ४० मिनिटं. सकाळी एक आणि जेवणानंतर एक, अशा वीस-वीस मिनिटांच्या दोन सुट्ट्या. राहिली १९० मिनिटं. कॅमेऱ्याची जागा बदलताना दिवे, रिफ्लेक्टर, फोकस हे सगळं मुलीला उभं करून ठरवत बसलो, तर एका शॉटला पाऊण तास सहज जातो आणि दिवसात चारच शॉट होतात. तेच सगळं तिच्या उंचीच्या डमीला उभं करून आधी ठरवलं आणि तयार झाल्यावरच तिला बोलावलं, तर एका शॉटला पंचवीस मिनिटं पुरतात आणि सात शॉट निघतात. पटकथेत या प्रसंगाचे बारा शॉट असतील तर एकतर दोन दिवस ठेवायचे किंवा पाच शॉट मावशीवर, बसवर, रिकाम्या बाकावर टाकायचे. हा हिशेब चित्रीकरणाच्या महिनाभर आधी होतो तिथे मुलांचे हाल होत नाहीत. सेटवर दुपारी बाराला होतो तिथे होतात.

मुलीचे शॉट सकाळी, आणि त्यातही चेहऱ्याचे सर्वांत आधी. मावशीचे जवळचे शॉट दोननंतर, डमीकडे बघत. महिन्यांचा विचारही करावा लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात पडतात, आणि चित्रीकरण पावसाळ्यानंतर पुढे ढकललं की एकाच प्रसंगात चिमीला कधी पुढचा दात असतो, कधी नसतो. म्हणून तिची कामं सलग, पण आटोपशीर दिवसांत उरकलेली बरी. डबिंग करायचं असेल तर तेही लगेच, कारण वर्षभरात आवाजाचा पोत बदलतो. अंधाऱ्या स्टुडिओत हेडफोन लावून स्वतःच्याच ओठांशी शब्द जुळवणं हे मुलांसाठी चित्रीकरणापेक्षा कंटाळवाणं काम आहे, आणि त्याचा वेळही याच पाच तासांत धरायला हवा.

सर्वांत अवघड जागा रोजच्या मालिकेची. तिथे मोठ्यांची शिफ्ट बारा तासांची, प्रसारणाची वेळ डोक्यावर, आणि उद्याचा भाग आज रात्री जायचा. लेखकानं बालकलाकाराभोवती कथा फिरवली की त्या मुलाचे शॉट रोज वाढत जातात. उपाय लेखनातच आहे. एका भागात मुलाचे प्रसंग किती, हे निर्मात्यानं लेखकाला आधी बांधून द्यायचं. अगदी तान्ह्या बाळासाठी जुळी भावंडं घेतात, एक झोपलं की दुसरं. मोठ्या मुलाला असा पर्याय नसतो.

दोन वाजायला पाच मिनिटं कमी असताना एक शॉट राहिलेला असतो. हे जवळपास प्रत्येक सेटवर घडतं. ‘ताई, फक्त एकच, पाच मिनिटांत होईल,’ असं सहायक दिग्दर्शक येऊन आईला सांगतो. त्या पाच मिनिटांची कॅमेरा हलवण्यात चाळीस होतात. नेमलेल्या जबाबदार माणसानं इथेच बोलायचं असतं, कारण आईला भीड पडते आणि पुढचं काम जाईल अशी धास्तीही असते. मग दिग्दर्शक शॉट बदलतो. चिमी बाकावर बसून मावशीला म्हणते, ‘बाबा पुढच्या बसनं येतील का गं?’ हे समोरून घ्यायचं होतं, आता पाठीमागून घ्यायचं. मुलीकडून तेवढं एक वाक्य माइकवर दोनदा बोलून घेतात, ती पिशवीतली अंडी मोजून परत करते आणि दादाची टोपी घालून घरी जाते. तिचा फ्रॉक घालून, दोन वेण्या बांधून, बुटकी डमी बाकावर बसते. मागून उन्हं येत असतात, मावशीचा चेहरा समोर असतो. शॉट सव्वातीनला होतो.